व्याज सोडल्याचं पत्र

दिंडोरी रोडला, पिंपळगाव बसवंतला, ओझरला, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात फेब्रुवारीच्या दुपारी एक वाक्य हमखास कानावर पडतं : "नाना, व्याजाचं राहू द्या, मुद्दल तेवढं द्या." बोलणारा मनापासून बोललेला असतो. ऐकणाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं खरोखरच उतरतं. आणि पुढच्या गोडी छाटणीला हीच दोन माणसं काउंटरच्या दोन बाजूंना उभी राहून आवाज चढवतात. लबाडी दोघांच्याही मनात नसते. मुद्दल नेमकं किती, हे त्या दुपारी कुणीच मांडून पाहिलेलं नसतं, एवढंच.

जुन्या बिलावरचं उशिराचं व्याज सोडायचं ठरलं, तर ते कागदावर सोडावं असं मला ठामपणे वाटतं. एक पान पुरतं. पण त्या पानावर काय हवं आणि काय नको, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं.

द्राक्षाच्या पट्ट्यात उधारी कशी साठते ते बागेच्या वेळापत्रकावरून कळतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, मग डावणी आणि भुरीसाठी एकामागून एक फवारण्या, गंधक, मोरचूद, सोबत ठिबकमधून सोडायची खतं. हा सगळा खर्च पहिल्या दोन-अडीच महिन्यांत होतो आणि पैसा दिसतो तो माल उतरल्यावर, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. म्हणजे दुकानदार बिलावर "३० दिवस" छापतो खरा, पण तो आणि शेतकरी दोघेही मनात "माल निघाल्यावर" असंच धरून चालतात. त्यात व्यापाऱ्याने निम्मे पैसे देऊन उरलेले लटकवले की बिल एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जातं. जुनं बिल म्हणजे बहुधा असं, हंगाम ओलांडून गेलेलं बिल.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. दिंडोरी तालुक्यातला एक बागायतदार, दुकानाचा वर्षानुवर्षांचा गिऱ्हाईक. त्याला नानाच म्हणू. १० ऑक्टोबर २०२४ चं बिल, क्रमांक १८७, रक्कम ₹८४,०००. बिलाच्या तळाशी छापलंय : ३० दिवसांनंतर द.सा.द.शे. १८ टक्के व्याज, म्हणजे बोलीत दीड टक्का महिना. तीस दिवस संपले ९ नोव्हेंबर २०२४ ला. ९ एप्रिल २०२५ ला नानांनी ₹४४,००० चा चेक दिला. बाकीचे व्यापाऱ्याकडे अडकले होते. मग मे २०२५ मध्ये अवकाळी पाऊस झाला. खरड छाटणीनंतर काडीत घडाची बीजं तयार व्हायचे ते दिवस, त्या वेळी बागेला ऊन लागतं, आणि आभाळ तर झाकलेलं. पुढच्या हंगामाला घड कमी निघाले. बाकी तशीच राहिली. आज तारीख ९ फेब्रुवारी २०२६.

आता हिशेब. पहिल्या पाच महिन्यांचं ₹८४,००० वर दीड टक्क्याने व्याज होतं ₹६,३००. ₹४४,००० आल्यावर पुढचा हिशेब दोन रीतींनी होऊ शकतो, आणि भांडणाचं मूळ इथेच आहे.

नानांच्या डोक्यातली रीत साधी आहे. चौऱ्याऐंशीतून चव्वेचाळीस गेले, चाळीस राहिले. त्या ₹४०,००० वर दहा महिन्यांचं व्याज ₹६,०००. आधीचे ६,३०० धरून एकूण व्याज ₹१२,३००. दुकानदाराने ते सोडलं, तर देणं ₹४०,०००.

दुकानातल्या मुनीमाची रीत वेगळी असू शकते, आणि तीही चुकीची नाही. आलेला पैसा आधी व्याजात जमा करायचा आणि उरलेला मुद्दलात, ही सावकारी, बँका आणि कोर्टं सगळीकडे चालत आलेली पद्धत आहे. त्या रीतीने ₹४४,००० मधले ६,३०० व्याजाचे फिटले आणि ₹३७,७०० मुद्दलात गेले. मुद्दल राहिलं ₹४६,३००. त्यावर दहा महिन्यांचं व्याज ₹६,९४५. मुनीमाच्या खतावणीत "व्याज सोडलं" याचा अर्थ हे ६,९४५ सोडले, आणि "मुद्दल द्या" याचा अर्थ ₹४६,३०० द्या.

दोन मुद्दलांमध्ये ₹६,३०० चा फरक आहे. दुकानदार म्हणतो मी व्याज सोडलं, नाना म्हणतात यांनी निम्मं व्याज गुपचूप आधीच कापून घेतलं. दोघेही आपापल्या वहीप्रमाणे खरे. म्हणून पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य व्याजमाफीचं नसतं. आधी आलेला पैसा कशात जमा धरला, हे सांगणारं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ते नसेल तर बाकीचं पत्र कितीही प्रेमाने लिहिलेलं असो, भांडण शिल्लक राहतं.

पत्र लिहिण्याआधी दुकानदाराने स्वतःशी आणखी एक हिशेब करावा. सोडलेल्या ₹१२,३०० पैकी खिशातून जाणारे किती? दुकान बँकेच्या कॅश क्रेडिटवर चालत असेल आणि त्याचा दर समजा ११ टक्के असेल, तर ₹८४,००० वर पाच महिन्यांचे ₹३,८५० आणि ₹४०,००० वर दहा महिन्यांचे सुमारे ₹३,६७०, मिळून साधारण ₹७,५०० दुकानाने बँकेला खरोखर मोजलेले आहेत. उरलेले जवळपास ₹४,८०० हे न मिळालेलं उत्पन्न. हे आकडे नानांना सांगायचे नाहीत. पण आपण नेमकं काय देतोय हे माहीत असलं की देताना हात आखडत नाही आणि दिल्यावर मनात कढ राहत नाही. एवढं झेपत नसेल तर निम्मं व्याज सोडावं आणि तसं स्पष्ट सांगावं. पूर्ण सोडतो म्हणून मग पुढच्या बिलात भाव चढवून वसूल करणं, हे मला सरळ फसवणुकीसारखं वाटतं. नाशिकसारख्या ठिकाणी गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातला भाव त्याच दिवशी फोनवर विचारतो, ते लपतही नाही.

आता प्रत्यक्ष पत्र. दुकानाच्या छापील कागदावर, दोन प्रतींत.

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
श्री. (बिलावर आहे तसं पूर्ण नाव)
मु. पो. ........., ता. दिंडोरी, जि. नाशिक

विषय : बिल क्र. १८७, दि. १० ऑक्टोबर २०२४ वरील उशिराचे व्याज सोडण्याबाबत

आदरणीय नाना,

स.न.वि.वि.

वरील बिलाची रक्कम ₹८४,००० आहे. त्यापैकी ₹४४,००० आपण दि. ९ एप्रिल २०२५ रोजी चेकने दिले. ही सगळी रक्कम आम्ही मुद्दलात जमा केली आहे. त्यामुळे आज या बिलापोटी ₹४०,००० (अक्षरी रुपये चाळीस हजार) एवढेच येणे आहे.

या बिलावर दि. ९ नोव्हेंबर २०२४ पासून आजपर्यंत ₹१२,३०० व्याज होते. मागच्या हंगामात व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे आणि मे महिन्यातील पाऊस यांमुळे आपल्याला उशीर झाला, हे आम्ही जाणतो. हे व्याज आम्ही आजपासून पूर्ण सोडत आहोत. ते पुढे मागितले जाणार नाही व दुसऱ्या कोणत्याही बिलात धरले जाणार नाही.

आपल्याशी बोलणे झाल्याप्रमाणे ₹४०,००० पैकी ₹२०,००० दि. १५ मार्च २०२६ पर्यंत व ₹२०,००० दि. १५ एप्रिल २०२६ पर्यंत द्यावेत. तोवर या रकमेवर व्याज नाही. दि. १५ एप्रिलनंतर काही रक्कम राहिल्यास फक्त त्या राहिलेल्या रकमेवर, फक्त दि. १६ एप्रिलपासून, दरमहा दीड टक्का व्याज लागेल. आज सोडलेले व्याज कोणत्याही परिस्थितीत परत लागणार नाही.

ही सूट बिल क्र. १८७ पुरती आहे. चालू हंगामातील बिले त्यांच्या ठरलेल्या मुदतीप्रमाणे राहतील. पैसे देताना ते कोणत्या बिलापोटी आहेत ते सांगावे, म्हणजे पावतीवर तसे लिहिता येईल.

सोबतच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून ती आमच्याकडे द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(सही, नाव, दुकानाचा शिक्का)

दुसऱ्या प्रतीच्या तळाशी नानांसाठी तीन ओळी :

वरील पत्र मिळाले व वाचले. बिल क्र. १८७ पोटी ₹४०,००० मी देणे आहे, हे मला मान्य आहे.
सही, पूर्ण नाव, तारीख.

यातली काही वाक्यं अशीच का, ते सांगतो.

नाव बिलावरचंच हवं. आपल्याकडे बिल वडिलांच्या नावावर, माल मुलगा नेतो, चेक सुनेच्या खात्याचा आणि सातबारा तिघा भावांचा, असं सर्रास असतं. पत्र मुलाच्या नावे लिहिलं तर खतावणीतल्या वडिलांच्या खात्याला त्याचा काही उपयोग नाही. सहीदेखील बिलावरच्या नावाचीच घ्यावी. मुलाची हवी असेल तर ती जास्तीची. दुकानाच्या बाजूनेही तेच. दुकान भागीदारीत असेल तर भागीदाराने सही करावी, मुनीमाची सही पुरेशी समजू नये. नाहीतर पुढे दुसरा भाऊ गल्ल्यावर बसला की "मला विचारलं नव्हतं" असं म्हणतो आणि गिऱ्हाईक दोन भावांच्या मध्ये सापडतो.

"सोडत आहोत" हे क्रियापद पक्कं हवं. "विचार करू", "सांभाळून घेऊ", "सध्या मागणार नाही" अशा शब्दांनी फक्त मागणी पुढे ढकलली जाते, व्याज जिवंतच राहतं. आपल्याकडच्या करार कायद्याच्या, १८७२ च्या, कलम ६३ नुसार ज्याचं येणं आहे तो ते पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो, आणि त्यासाठी बदल्यात काही मिळालंच पाहिजे असं नाही. म्हणजे दुकानदाराने एकदा स्पष्ट सोडलं की ते सुटलं. हे त्याने लिहिण्याआधी ध्यानात घ्यावं आणि नानांनी वाचल्यावर निश्चिंत व्हावं.

व्याज किती सोडलं हा आकडाही लिहावाच. पुष्कळ दुकानदारांना तो लिहायला संकोच वाटतो, उपकार मोजून दाखवल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. आकडा आणि तारखा असल्या की कुठून कुठपर्यंतचं व्याज गेलं ते ठरतं. नसल्या की पुढच्या वर्षी "ते तर मार्चपर्यंतचं सोडलं होतं" असा नवा वाद उभा राहतो.

कारणाची ओळ एकच ठेवली आहे, पण ती ठेवलीच पाहिजे. गावात दोन दिवसांत ही बातमी पोचते. शेजारचा येऊन म्हणतो, नानांचं सोडलं, माझंही सोडा. तेव्हा दुकानदाराला धरायला काहीतरी लागतं. पण कारण लिहिताना घरातली दुखणी, लग्नं, कर्ज यातलं काही लिहू नये. हा कागद फाइलला लागतो, तो मुलं वाचतात, लेखापाल वाचतो. व्यापारी आणि पाऊस एवढं पुरतं. आणि "आपल्याला वारंवार आठवण करूनही" असली वाक्यं तर नकोतच. जे सोडतोय त्यालाच टोमणा जोडला की सोडल्याचं मोल जातं.

सर्वांत नाजूक भाग अटीचा. बरेच जण लिहितात : "१५ एप्रिलपर्यंत पूर्ण रक्कम आल्यास व्याज माफ." असं लिहिता येतं, त्यात बेकायदा काही नाही. पण १६ एप्रिलची सकाळ डोळ्यांसमोर आणा. नानांनी ₹३८,००० दिलेत, दोन हजार राहिलेत. आता काय, त्या दोन हजारांपायी सगळे ₹१२,३०० परत उभे राहिले? अटीची भाषा अक्षरशः वाचली तर हो. दुकानदार तसं वसूल करणार नाही, पण तशी भीती घालणारा कागद त्याने दिलेला आहे. म्हणून वरच्या पत्रात जुनं आणि नवं वेगळं केलंय. जुनं सुटलं ते सुटलं. पुढे उशीर झाला तर तो नव्या तारखेपासून, उरलेल्या रकमेवर. दोन हजार महिनाभर राहिले तर व्याज होतं ३० रुपये. एवढं कुणालाही पटतं. ज्याला खरोखर अट घालायचीच आहे, त्याने निदान थोडी रक्कम राहिल्यास काय, हे त्याच वाक्यात लिहावं.

पैसे कोणत्या बिलापोटी ते सांगा, ही ओळ वरवर किरकोळ दिसते. पण नानांचं २०२५ च्या ऑक्टोबरचंही बिल चालू आहे. मार्चमध्ये ते ₹२०,००० देतील तेव्हा ते कुठल्या बिलाला लावायचे? करार कायद्यात याचा क्रम ठरलेला आहे : देणाऱ्याने सांगितलं असेल तसं, त्याने सांगितलं नाही तर घेणाऱ्याच्या मर्जीने, आणि दोघांनीही काही ठरवलं नाही तर जुन्या देण्यापासून. नाना गप्प राहिले आणि मुनीमाने ते नव्या बिलाला लावले, तर १५ एप्रिलला १८७ क्रमांकाचं बिल अजून उघडंच दिसेल आणि नाना म्हणतील, मी तर दोन्ही हप्ते दिले. पावतीवर "बिल क्र. १८७ पोटी" एवढे शब्द पडले की हा प्रश्न उरत नाही. यूपीआयने दिले तरी शेऱ्यात बिल क्रमांक टाकावा.

आता नानांच्या सहीबद्दल. काही दुकानदारांना ती मागायची लाज वाटते, आपण उपकार करतोय आणि वर सही मागतोय असं. लाजायचं कारण नाही. उधारीवर दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत, उधारीची ठरलेली मुदत संपल्यापासून तीन वर्षं असते. या बिलाची ती मुळात ९ नोव्हेंबर २०२७ ला संपते. ती संपण्याआधी देणाऱ्याने लेखी, सहीनिशी देणं मान्य केलं, तर मुदत कायद्याच्या, १९६३ च्या, कलम १८ प्रमाणे त्या सहीच्या तारखेपासून नव्याने तीन वर्षं मोजली जातात. अंशतः पैसे दिले तरी नवी मुदत मिळते, पण त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असावी लागते. चेकवर सही असते म्हणून बरं. रोख दिलेल्या पैशांची एकट्या दुकानदाराच्या वहीतली नोंद त्याला पुरत नाही. तेव्हा व्याज सोडताना बाकी मान्य करून घेतली की दुकानदाराने व्याज गमावलं तरी मुद्दल पक्कं केलं. आणि नानांचाही फायदा आहे : देणं ₹४०,००० च आहे, ४६,३०० नाही, हे दुकानाच्या शिक्क्यानिशी त्यांच्या हातात आलं. सही मागताना हेच सांगावं.

दोघांनी मिळून एकदा मोठ्याने वाचावं आणि मगच सही करावी. वाचताना बहुधा एखादी जुनी पावती निघते, मालपरतीच्या दोन डब्यांची आठवण निघते. ती निघालेली बरी. आकडा दुरुस्त करून पत्र नव्याने छापावं, खाडाखोड करून त्यावर सह्या घेऊ नयेत.

जीएसटीबाबत दुकानात दोन उलट चुका होताना दिसतात. कायद्याने उशिरापोटी घेतलेलं व्याज मालाच्या किमतीचाच भाग धरलं जातं आणि त्यावर मूळ मालाच्या दराने कर लागतो. पण तो लागतो व्याज प्रत्यक्ष हातात आल्यावर. नानांकडून व्याज आलंच नाही, येणारही नाही, म्हणून त्यावर कर नाही. घेतलं असतं तर फोड करावी लागली असती, कारण बिलात बुरशीनाशकं १८ टक्क्यांची आणि खतं ५ टक्क्यांची. पहिली चूक म्हणजे व्याज यायच्या आधीच, वर्षअखेरीला, कर लावून डेबिट नोट काढून ठेवणं. मग व्याज सोडायची वेळ आली की तो कर उलटवावा लागतो, आणि क्रेडिट नोटने कर कमी करायची मुदत मालाच्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच असते, वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं असेल तर तेवढ्यापर्यंतच. ऑक्टोबर २०२४ च्या मालासाठी ती तारीख ३० नोव्हेंबर २०२५ ला होऊन गेली. व्याज सोडलं आणि वर त्याचा करही भरला, अशी गत होते. दुसरी चूक म्हणजे व्याज सोडलं म्हणून मूळ बिलावर क्रेडिट नोट काढून मालाची किंमत कमी दाखवणं. मालाची किंमत ₹८४,००० होती आणि तेवढीच आहे. त्यावरचा कर तेव्हाच भरलेला आहे. व्याजमाफीने त्याला हात लावायचा नाही.

गिऱ्हाईक जीएसटी नोंदणी असलेला असेल, म्हणजे एखादी निर्यात करणारी फर्म किंवा ठेकेदार, तर त्याने एवढं लक्षात ठेवावं की बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. दुकानदाराने आपलं व्याज सोडलं म्हणून सरकारचं सुटत नाही. नानांसारख्या शेतकऱ्याला हा प्रश्न येत नाही.

राहिली दुकानातली नोंद. व्याज कधीच नावे टाकलं नसेल तर खतावणीत उलट नोंद करायची गरज नाही. खात्यावर फक्त शेरा लिहावा : "दि. ९-२-२०२६ च्या पत्राने बिल १८७ चे व्याज सोडले." आधीच्या वर्षी ते उत्पन्नात धरून प्राप्तिकर भरला असेल, तर ते बुडीत म्हणून कसं काढायचं ते लेखापालाला विचारून, ज्या वर्षी सोडलं त्याच वर्षात काढावं. पण सगळ्यात जास्त विसरलं जातं ते संगणकावरचं. टॅलीत नानांच्या खात्याला व्याजाची गणती चालू केलेली असते. नोंद कुठेच पडत नाही, तरी व्याजाच्या अहवालात आकडा महिन्या-महिन्याला वाढत राहतो. पत्र कपाटात आणि आकडा पडद्यावर. दोन वर्षांनी नवा मुलगा काउंटरवर येतो, अहवाल छापतो आणि नानांना "तुमचे एवढे हजार व्याज" असं सगळ्यांसमोर सांगतो. म्हणून पत्रावर सह्या झाल्या की त्याच बैठकीत संगणकावर त्या बिलाची व्याजगणती बंद करावी, किंवा ती १६ एप्रिल २०२६ पासून सुरू होईल अशी तारीख बदलावी, आणि अहवाल उघडून व्याज शून्य दिसतंय ना ते पाहावं.

दुसरा हप्ता आला की शेवटची पावती जरा वेगळी लिहावी. नुसतं "₹२०,००० मिळाले" एवढं लिहू नये. "बिल क्र. १८७, दि. १० ऑक्टोबर २०२४ पोटी शेवटचे ₹२०,००० मिळाले. या बिलाचे मुद्दल वा व्याज काहीही येणे नाही," असं लिहावं. पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रसीद तिकीट लागतं, ते चिकटवून त्यावरून सही करावी. नानांनी ही पावती आणि फेब्रुवारीचं पत्र एकत्र टाचून ठेवावं. दुकानाने आपल्या प्रतीवर "बिल पूर्ण फिटले" असं तारखेसह लिहून ती त्या वर्षाच्या फाइलला लावावी.